एका माणसाची साक्ष: नमाजेला पुरते, अकीद्याला का पुरत नाही?

*“मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी आहे, मुसलमान नाही. वाचताना असं दिसलं की एखादी हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची बातमी, एकाच माणसाकडून आलेली असली तरी फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे पंडित, तिच्यावर नमाज-रोज्याचे नियम उभे करतात. पण श्रद्धेचा विषय निघाला की तेच लोक म्हणतात, ‘ही तर खबर-ए-वाहिद, एकट्याची बातमी, हिच्यावर अकीदा ठरत नाही.’ बातमी खरी असेल तर दोन्हीकडे खरी, नसेल तर दोन्हीकडे नाही. ही सोयीची चलाखी नाही का?”*

चलाखी नाही. पण तुम्हाला ती तशी का वाटली, हे मला कळतं. मी कोकणातल्या एका मदरशात बरीच वर्षं उसूल, म्हणजे धर्माचे नियम कशावरून आणि कसे काढायचे याचं शास्त्र, शिकवतो, आणि दर वर्षी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी पोरगा हाच प्रश्न विचारतो, फक्त जरा घाबरत. गाठ ‘बातमी खरी की खोटी’ या शब्दांत आहे. फकीहांचा प्रश्न तो नव्हताच. त्यांचा प्रश्न असा होता की बातमी खरी आहे हे मला *किती* ठाऊक आहे, आणि तेवढ्या ठाऊक असण्यावर माझ्याकडून काय मागता येईल.

आधी एक हदीस हातात घेऊ, नाहीतर सगळं हवेत राहील. बुखारींच्या संग्रहातली ती पहिलीच हदीस: “कृत्यं नियतीवर अवलंबून असतात.” इथे नियत म्हणजे हेतू. मुसलमान घरातल्या लहान पोरालाही ती पाठ असते. कोणालाही वाटेल, इतकी गाजलेली हदीस म्हणजे हजारोंनी सांगितलेली असणार. आता तिची सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकली त्याची साखळी, वरून खाली बघा. पैगंबरांकडून ती सांगणारे एक, हजरत उमर. उमर यांच्याकडून एक, अल्कमा इब्न वक्कास. अल्कमांकडून एक, मुहम्मद इब्न इब्राहीम अत-तैमी. तैमींकडून पुन्हा एकच, मदिन्याचे याह्या इब्न सईद अल-अन्सारी, जे हिजरी 143 च्या सुमारास वारले. आणि याह्यांपाशी पोचल्यावर धरण फुटावं तशी ही हदीस पसरते. मालिक, सुफ्यान सौरी, सुफ्यान इब्न उयैना, कोण नाही? याह्यांकडून ती सातशे जणांनी घेतली, असं जुन्या ग्रंथांत लिहिलेलं सापडतं. इब्न हजर यांना तो आकडा पटला नाही. ते म्हणतात, मी शोधत बसलो तर मला शंभरसुद्धा भरले नाहीत. शंभर म्हणा की सातशे, गर्दी आहे ती याह्यांच्या खाली. वर चार पिढ्या ओळीनं एकेकच माणूस उभा आहे.

म्हणून ही हदीस मुतवातिर नाही. मुतवातिर म्हणजे जी बातमी *प्रत्येक* पिढीत इतक्या लोकांनी सांगितली की सगळ्यांनी मिळून खोटं रचलं, किंवा सगळ्यांचा एकच गैरसमज झाला, हे शक्यच वाटत नाही. शिवाय मुळाशी असलेल्या लोकांनी ती गोष्ट स्वतः बघितलेली किंवा ऐकलेली हवी, तर्कानं काढलेली चालत नाही. लाखो लोक ‘जग अनादी आहे’ म्हणाले म्हणून ते मुतवातिर होत नाही, कारण ते कोणी पाहिलेलं नाही. उलट मी बगदादला कधीच गेलो नाही, तरी बगदाद आहे याबद्दल मला शंका घेताच येत नाही. जुन्या लेखकांचं मक्का आणि बगदादचं उदाहरण ते हेच.

‘किती लोक म्हणजे पुरेसे?’ यावर भरपूर खल झाला. कोणी बारा म्हणालं, कोणी चाळीस, कोणी सत्तर, कोणी बद्रच्या लढाईतल्या माणसांवरून तीनशे तेरा. गजाली यांनी हे आकडे बाजूला सारले. त्यांचं म्हणणं, जेवताना कितव्या घासाला पोट भरलं ते सांगता येतं का? पोट भरलं एवढं मात्र नक्की कळतं. वर्गात मी भाकरीचा घास म्हणतो, पोरांना लगेच पोचतं. म्हणजे संख्येनं खात्री सिद्ध होते असं नाही. खात्री झाली, यावरून संख्या पुरेशी होती हे मागाहून कळतं.

ज्या बातमीला हा दर्जा मिळत नाही ती ‘आहाद’, शब्दशः एकेकट्याची; तुमची खबर-ए-वाहिद ती हीच. एकच सांगणारा असला किंवा तीन-चार असले तरी ती आहादच. ‘एक’ हा शब्द इथे फसवा आहे. त्या पातळीवर पोचली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि दुसरी फसगत उलट दिशेची: सगळ्यांच्या तोंडी असलेली बातमी म्हणजे मुतवातिर नव्हे. “इल्म, म्हणजे ज्ञान, शिकायला चीनपर्यंत जा” हे वाक्य दर दुसऱ्या भाषणात ऐकू येतं. त्याची सनद मात्र इतकी कच्ची की इब्न जौझींनी ते बनावट हदीसांच्या यादीत टाकलं.

आता मुद्द्यावर येऊ. आहाद बातमी, अगदी विश्वासू आणि पक्क्या स्मरणाच्या माणसाची, तिच्यातून मिळतं ते ‘जन्न’. याचं भाषांतर लोक ‘अंदाज’ करतात आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. अंदाज म्हटलं की आपल्याला पावसाचा अंदाज आठवतो. उसूलमधलं जन्न म्हणजे झुकतं माप: बातमी खरी असण्याची बाजू स्पष्ट जड, पण चुकीची शक्यता शून्यावर गेलेली नाही. चांगला माणूसही विसरतो, एखादा शब्द चुकीचा ऐकतो.

झुकत्या मापावर कृती करावी का? करावीच लागते. न्यायाधीश दोन साक्षीदारांवर निकाल देतो. दोघे मिळून खोटं बोलत असतील हे त्यालाही माहीत असतं. पण निकाल न देणं हाही निकालच असतो, तो जमीन बळकावलेल्याच्या बाजूनं. नमाजेची वेळ झाली आहे आणि काबा कुठल्या दिशेला ते नक्की कळत नाही. तरी कुठल्या तरी दिशेला तोंड करावंच लागतं, मग जी बाजू जास्त संभवते ती धरणं हाच शहाणपणा. कृतीचं असं आहे की ती थांबत नाही. तुम्ही काही केलं नाहीत तरी तुम्ही काहीतरी केलेलं असतं.

शाफई यांनी (मृत्यू हिजरी 204, म्हणजे इसवी सन 820) आपल्या ‘रिसाला’त यासाठी जे दाखले जमवले, त्यातले दोन मला फार आवडतात. एक कुबाचा. मदिन्याजवळच्या कुबा वस्तीत लोक फजरची नमाज पढत होते, तोंड जेरुसलेमकडे. एक माणूस आला आणि म्हणाला, किबला बदलला, आता काब्याकडे. लोक नमाजेतच वळले. एका माणसाच्या शब्दावर! दुसरा दाखला हजरत उमर यांचा. इराणच्या मजूसांकडून, म्हणजे आपल्या पारशांच्या पूर्वजांच्या धर्मबांधवांकडून, जिझिया घ्यायचा की नाही हे उमर यांना ठरवता येईना. कुरआनात ‘ग्रंथधारक’ म्हटलंय, मजूस त्यात बसतात का? अब्दुर्रहमान इब्न औफ पुढे आले आणि म्हणाले, पैगंबरांनी पूर्व अरबस्तानातल्या हजर गावच्या मजूसांकडून घेतला होता. झालं. एका मोठ्या प्रजेचा राज्याशी संबंध एका माणसाच्या सांगण्यावर ठरला.

पण हेच उमर अबू मूसा अशअरींना मात्र अडवतात. अबू मूसा दारावर तीनदा परवानगी मागून परत फिरले आणि म्हणाले, पैगंबरांनी असंच शिकवलंय. उमर म्हणाले, साक्षीदार आण. अबू सईद खुदरींनी साक्ष दिली तेव्हा ते मानले, आणि नंतर असंही म्हणाले की मी तुझ्यावर संशय घेतला नव्हता, लोक पैगंबरांच्या नावावर काहीही सांगू लागतील याची भीती वाटली. आहाद नको म्हणणारे हा दाखला पुढे करतात. मला तो त्यांच्या विरुद्धच जाताना दिसतो: दुसरा साक्षीदार मिळाला तरी बातमी आहादच राहिली, दोघांची. उमर यांना खात्री नको होती, माप आणखी झुकायला हवं होतं.

म्हणजे कृतीचं दार उघडं. श्रद्धेचं बंद का?

कारण श्रद्धेत कृतीसारखी निकड नाही, आणि दुसरी गोष्ट, खात्री हुकमानं येत नाही. मला कोणी म्हणालं, ‘ही बातमी बहुतेक खरी आहे, तू तिच्याप्रमाणे वाग’, तर मी वागू शकतो. पण ‘ही बातमी बहुतेक खरी आहे, तू तिच्यावर शंभर टक्के खात्री ठेव’ हा हुकूम पाळता येण्यासारखाच नाही. जेवढा पुरावा तेवढीच खात्री बसणार, वरची उसनी कुठून आणायची? आणि अकीदा म्हणजे नुसतं ‘मला असं वाटतं’ नव्हे, मनात गाठ बसलेली असणं. मूळ अरबी शब्दात गाठच आहे. कलामवाले, म्हणजे श्रद्धेची तर्कानं मांडणी करणारे पंडित इथे कुरआनचं वाक्य सांगतात की सत्याच्या ठिकाणी जन्न काही कामाचं नाही (53:28).

तिसरं कारण मला सगळ्यांत वजनदार वाटतं, आणि ते पुस्तकांत थोडं लपलेलं असतं. अकीद्याच्या नकाराला शिक्षा आहे: नाकारणारा धर्माबाहेर जातो. एखाद्याला धर्माबाहेर काढायचं तर कशाच्या जोरावर? तैमींनी अल्कमांकडून नीट ऐकलं असेल, या भरवशावर? फकीहांचा हात इथे अडखळला, आणि अडखळला ते बरं झालं.

हा अडखळणारा हात प्रत्यक्ष कसा चालतो ते एका प्रसंगातून सांगतो. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे कायद्यात शाफई यांची परंपरा मानणारे. घाट चढून वर गेलात की बहुतेक हनफी, म्हणजे अबू हनीफांची परंपरा मानणारे. तरुणपणी एका गावात दुपारच्या नमाजेला पाहुणे इमाम उभे राहिले, ते हनफी. नमाज संपवताना त्यांनी दोन जादा सजदे केले, विसरभोळेपणाचे, ज्याला सजदा-ए-सहव म्हणतात. रकात म्हणजे नमाजेची एक फेरी, आणि फातिहा म्हणजे कुरआनची पहिली सूरा. मग ते वळून प्रामाणिकपणे म्हणाले, “पहिल्या रकातीत माझी फातिहा राहिली. थेट पुढची सूरा पढलो. तिसऱ्या रकातीत लक्षात आलं.” आमच्यातले एक म्हातारे चाचा उठले आणि म्हणाले, “मौलानासाब, मग तुमची पहिली रकात झालीच नाही.” मौलाना म्हणाले, “झाली, चाचा. सजद्यांनी भरून निघाली.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघांच्या हातात हदीस एकच होती: “ज्यानं फातिहा पढली नाही त्याची नमाज नाही.” सांगणारे उबादा इब्न सामित, हदीस पक्की, आहाद.

हनफींचा हिशेब असा. कुरआनात आहे, “कुरआनातलं जे सोपं जाईल ते पढा” (73:20). ही आयत मुतवातिर, तिच्यात कुठल्याही सूरेचं नाव नाही. एका आहाद हदीसच्या जोरावर ‘जे सोपं जाईल’ या मोकळ्या शब्दांना फातिहेचं कुंपण घालणं म्हणजे कमी खात्रीच्या गोष्टीनं पूर्ण खात्रीची गोष्ट बदलणं. म्हणून त्यांनी दोन पायऱ्या केल्या. काहीतरी कुरआन पढणं हे फर्ज, ते राहिलं तर नमाज नाही. फातिहाच पढणं हे वाजिब: मुद्दाम सोडलं तर गुन्हा, विसरलं तर दोन सजदे. मौलानांनी सूरा पढली होती, म्हणजे फर्ज झालं होतं. आणि फर्ज नाकारणारा धर्माबाहेर, वाजिब नाकारणारा चुकलेला, पण धर्मातच. बघा, अकीदा आणि कायदा यांच्यातली ती रेघ इथे चक्क एका नमाजेच्या पोटातून गेली आहे.

शाफईंना ही दोन पायऱ्यांची शिडी मान्य नाही. त्यांच्या लेखी पैगंबरांची हदीस आयतीला बदलत नाही, आयतीचा अर्थ सांगते. मग फर्ज आणि वाजिब एकच, आणि फातिहा नमाजेचा खांब. खांब नाही तर रकात नाही. पण चाचांना विचारलं असतं की हे मौलाना काफिर झाले का, तर त्यांनी मला काठी मारली असती. शाफईसुद्धा आहादवर कोणाला बाहेर काढत नाहीत. मार्ग वेगळा, अडखळणारा हात तोच.

हनफींच्या मधल्या ‘मशहूर’ या वर्गाबद्दल एवढंच सांगतो की पहिल्या पिढीत आहाद आणि मग झपाट्यानं पसरलेली हदीस त्यात येते. तिनं कुरआनच्या मोकळ्या शब्दांना मर्यादा घालता येते. नमाजेआधीच्या धुण्यात, म्हणजे वुझूत, पाय न धुता चामडी मोज्यांवर ओला हात फिरवणं त्यांनी याच वर्गात बसवलं.

आता तुमच्या आक्षेपाला खरं बळ कुठून मिळतं तेही सांगायला हवं, नाहीतर मी वकिली केल्यासारखं होईल. पैगंबरांनी आपले सहकारी मुआझ यांना यमनला एकटं पाठवलं आणि सांगितलं, आधी त्यांना एका ईश्वराकडे बोलाव, मग नमाज, मग जकात. एकटा माणूस, आणि यादीत पहिली श्रद्धाच! हदीसवाले पंडित विचारतात, इथे कुठे गेला तुमचा भेद? उसूलवाल्यांचं उत्तर असं की मुआझ यांनी हाक दिली. ईश्वर एक आहे याचा पुरावा म्हणजे मुआझ यांचा शब्द नव्हे, आणि शंका आलेल्याला मदिन्याला जाऊन विचारता येत होतं. उत्तर ठीक आहे, पण वर्गात मी ते थोड्या खालच्या आवाजात सांगतो.

इब्न हझम यांनी तर भेदच उडवून लावला: भरवशाच्या माणसाची बातमी कृतीही बंधनकारक करते आणि ज्ञानही देते. इब्न अब्दिल-बर्र यांची गंमत वेगळी. ते मान्य करतात की बहुतेक विद्वानांच्या मते आहाद कृती लावते, निश्चित ज्ञान देत नाही, आणि लगेच पुढे लिहितात की तरीही हे सगळे अकीद्यातही आहाद धरून चालतात आणि तिच्यावरून दोस्ती-दुश्मनीही करतात. तत्त्व एक, वागणं दुसरं. तुम्हाला जी विसंगती दिसली ती हिजरी पाचव्या शतकात एका मोठ्या माणसानं नोंदवून ठेवली आहे.

मधली वाटही आहे. इब्न सलाह म्हणाले, बुखारी आणि मुस्लिम नावाचे दुसरे मोठे संग्राहक, या दोघांनी घेतलेली हदीस उम्मतीनं, म्हणजे सगळ्या मुसलमान समाजानं, एकमुखानं स्वीकारली, म्हणून ती निश्चित. इमाम नववींनी ते मानलं नाही: स्वीकारली ती कृतीसाठी, बातमी मुतवातिर होईपर्यंत जन्नच. इब्न हजर म्हणाले, आजूबाजूच्या खुणा जमल्या तर आहादही खात्री देते, पण ती खात्री जाणकाराला होते, सनदी चाळण्यात आयुष्य गेलेल्याला. रस्त्यावरच्याला बगदादबद्दल होते तशी नाही. मला स्वतःला इब्न हजरांचं पटतं. मात्र याचा अर्थ असा होतो की खात्री माणसागणिक वेगळी, आणि मग एकाला झालेली खात्री दुसऱ्यावर लादता येत नाही.

शेवटी तुमच्या वाचनात बहुधा आलेलंच उदाहरण घेतो, कबरीतला जाब आणि शिक्षा. ‘ही हदीस आहाद आहे’ असं एका हदीसकडे बोट दाखवून कोणी म्हणेल तर ते खरं असतं. पण ही गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या प्रसंगांत इतक्या सहाबींकडून, म्हणजे पैगंबरांच्या सहकाऱ्यांकडून, आली आहे की एकेक धागा आहाद असला तरी सगळ्यांत समान असलेला अर्थ मुतवातिर झाला, असं बहुतेकांचं मत. जुन्या अरबांतला दानशूर हातिम घ्या: कोणी सांगतं त्यानं घोडा दिला, कोणी उंट, कोणी जेवण. एकेक गोष्ट नक्की नाही, हातिम उदार होता हे नक्की. याला अर्थानं मुतवातिर म्हणतात. त्याच विषयात जाब विचारणाऱ्या दोन फरिश्त्यांची नावं मुनकर आणि नकीर. ही नावं तिर्मिझींच्या ज्या हदीसमध्ये येतात तिच्यावर खुद्द तिर्मिझींनी ‘हसन गरीब’ असा शेरा मारलाय. त्यातलं ‘गरीब’ म्हणजे एकाच वाटेनं आलेली.

म्हणून मृत्यूनंतर जाब आहे हा सर्वसाधारण अर्थ, आणि जाब विचारणाऱ्यांची नावं हा तपशील, यांना मी पोरांना एकाच सुरात शिकवत नाही. दोन्ही शिकवतो, दोन्ही मानतो. एखाद्यानं परीक्षेत नावं लिहिली नाहीत तर अर्धा गुण कापतो. एखाद्यानं “ही नावं मला पटत नाहीत” असं लिहिलं, तर त्याला बोलावून सनद पुढे ठेवतो आणि साखळीतल्या कुठल्या रावीवर, म्हणजे सांगणाऱ्यावर, अडलास ते दाखव म्हणतो.

तुम्ही ज्या फकीहाचं वाक्य वाचलंत ते कुठल्या हदीसबद्दल होतं, हे कळवलंत तर तिची साखळी आपण अशीच वरून खाली बघू. कारण बऱ्याचदा ‘ही तर खबर-ए-वाहिद’ म्हणणाऱ्यानं एकच धागा बघितलेला असतो, बाकीचे मोजलेलेच नसतात.